दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये हातात खरे तास किती?

स्प्रिंट प्लॅनिंग सुरू झालं की पहिल्या पाच मिनिटांत एक हिशेब मांडला जातो. माणसं ५, दिवस १०, दिवसाचे तास ८, म्हणजे ४०० तास. तेवढ्या तासांच्या स्टोऱ्या बोर्डावर ओढल्या जातात आणि दोन आठवड्यांनी त्यातल्या निम्म्या पुढच्या स्प्रिंटमध्ये जातात. मग रेट्रोमध्ये "आपले एस्टिमेट चुकतात" असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वेळी प्रत्येक जण आपल्या अंदाजात थोडी भर घालून सांगतो. मी बरीच वर्षं टीम लीड म्हणून काम करतोय. माझा अनुभव असा की पुष्कळदा एस्टिमेट ठीकठाक असतात. ज्या तासांच्या भरवशावर ते मांडले, ते तासच कुणाकडे नसतात.

हे तास माणसागणिक कसे मोजायचे, ते एका स्प्रिंटचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. सरासरी काढून भागत नाही. एकाची सपोर्टची पाळी असते, दुसरीची रजा असते, तिसरीच्या कॅलेंडरवर इंटरव्ह्यू असतात. या गोष्टी पाच जणांत वाटून टाकल्या की नेमकं कोणाचं काम अडणार आहे ते दिसेनासं होतं.

टीम अशी धरा: एक सीनिअर डेव्हलपर, एक बॅकएंडवाला, एक फ्रंटएंडवाली, तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेला एक ज्युनिअर आणि एक टेस्टर. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, सोमवारी सुरू होऊन दुसऱ्या शुक्रवारी संपणारा. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी ऑफिसला सुट्टी आहे. म्हणजे दहाचे नऊ दिवस इथेच झाले. माणशी ७२ तास, पाच जणांचे ३६०.

आधी रजा, मग मीटिंग

वजाबाकीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस किती दिवस हजर आहे ते ठरवायचं आणि मग फक्त त्या दिवसांतल्या मीटिंग वजा करायच्या. क्रम उलटा झाला तर ज्या मीटिंगला माणूस नसणारच, तिचेही तास त्याच्या नावावर कापले जातात.

या टीमच्या ठरलेल्या मीटिंग बघू. प्लॅनिंगला ३ तास. प्लॅनिंगचा दिवस सोडून उरलेल्या ८ दिवसांत रोज १५ मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे २ तास. दर बुधवारी तासभर ग्रूमिंग, म्हणजे २ तास. शेवटच्या शुक्रवारी रिव्ह्यू १ तास आणि रेट्रो १ तास. एकूण ९ तास. हे फार वाटत असेल तर एक तुलना देतो. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये एका महिन्याच्या स्प्रिंटसाठी कमाल मर्यादा दिल्या आहेत: प्लॅनिंगला ८ तास, रिव्ह्यूला ४, रेट्रोला ३. लहान स्प्रिंटला वेळ सहसा कमी लागतो असंही तिथे म्हटलं आहे. महिन्याच्या निम्मा धरला तरी ही टीम मर्यादेच्या बरीच आत आहे. म्हणजे मीटिंग उगाच फुगलेल्या नाहीत, आणि तरीही प्रत्येकाचा एक दिवस आणि वर एक तास त्यांत जातो.

यावर ऑफिसच्या मीटिंग येतात. दुसऱ्या मंगळवारी सगळ्या कंपनीची १ तासाची बैठक आणि पहिल्या आठवड्यात मॅनेजरशी अर्ध्या तासाचं वन-ऑन-वन. हा दीड तास मिळवला की प्रत्येकाच्या खात्यातून १०.५ तास जातात आणि ७२ चे ६१.५ उरतात.

फ्रंटएंडवाली दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी आणि शुक्रवारी रजेवर आहे. तिचे ७ दिवस, म्हणजे ५६ तास. ती शुक्रवारच्या रिव्ह्यू-रेट्रोला नाही आणि दोन स्टँडअपलाही नाही, म्हणून तिच्या मीटिंग १०.५ ऐवजी ८ तासांच्याच. ५६ मधून ८ गेले, ४८ उरले. सगळ्यांना सरसकट १०.५ लावले असते तर तिचे अडीच तास कागदावरच हरवले असते. अडीच तास म्हणजे एखादी छोटी स्टोरी.

रजा कधी आहे यालाही महत्त्व आहे, आणि हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही. रजा स्प्रिंटच्या सुरुवातीला असेल तर माणूस परत येऊन आपलं काम पुरं करतो. शेवटी असेल तर तिचं काम बुधवारी संध्याकाळपर्यंत रिव्ह्यू होऊन टेस्टिंगला गेलेलं हवं, कारण गुरुवारी बग सापडला तर तो दुरुस्त करायला ती नाही. म्हणून तिच्या नावावर ४८ तास असले तरी तिला मोठी स्टोरी पहिल्याच दिवशी हातात द्यायची आणि मंगळवारनंतर नवीन काही सुरू करायला सांगायचं नाही, असं मी ठरवून ठेवतो.

रजेबद्दल विचारताना "कुणाची रजा आहे का?" एवढं पुरत नाही. लोकांना रजा म्हणजे पूर्ण दिवसाची रजा वाटते. "कुणाला उशिरा यायचंय, लवकर निघायचंय, अर्धा दिवस नाही?" असंही विचारावं लागतं. आमच्या टेस्टरची डॉक्टरकडची वेळ या दुसऱ्या प्रश्नालाच बाहेर आली. अर्धा दिवस, ४ तास.

सपोर्टची पाळी: सरासरी इथे दगा देते

या स्प्रिंटच्या पहिल्या आठवड्यात बॅकएंडवाल्याची सपोर्टची पाळी आहे. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं, दुसऱ्या टीमने काही विचारलं, ग्राहकाचं तिकीट आलं, तर आधी तोच बघणार. याचे किती तास धरायचे?

बहुतेक टीम इथे अंदाजाने "अर्धा वेळ" म्हणून मोकळ्या होतात. त्यापेक्षा मागच्या पाळ्या बघाव्यात. तिकिटांवर वेळ नोंदवलेला असेल तर सोपं, नसेल तर त्या त्या माणसाला विचारायचं. समजा मागच्या चार पाळ्यांत १४, १९, ११ आणि २६ तास गेले. सरासरी १७.५ येते. आम्हीही सुरुवातीला अशी सरासरीच धरायचो. पण नीट पाहिलं तर चारपैकी दोन वेळा प्रत्यक्ष आकडा १७.५ च्या वर गेला आहे. म्हणजे सरासरी धरून प्लॅन केला तर साधारण दर दुसऱ्या पाळीला त्या माणसाची स्टोरी अडकणार, हे आपण आधीच कबूल केल्यासारखं होतं.

म्हणून सपोर्टसाठी मी अलीकडच्या पाळ्यांतला सर्वांत मोठा आकडा धरतो. इथे २६. आठवडा शांत गेला आणि तास उरले, तर त्या माणसाला करायला बॅकलॉगमध्ये छोटी कामं नेहमीच असतात: एखादी टेस्ट, एखाद्या लायब्ररीचं अपग्रेड. त्यातलं काही मध्येच सोडावं लागलं तरी कुणाचं अडत नाही. पण तिकिटांनी आठवडा भरला आणि आपण १७.५ धरून बसलो असलो, तर त्याच्या स्टोरीवर अवलंबून असलेली फ्रंटएंडवाली आणि टेस्टर दोघी थांबतात. दोन्हीकडचं नुकसान सारखं नाही, म्हणून आकडा मोठ्या बाजूचा.

तिकिटावर नोंदवलेला वेळ हा पूर्ण खर्चही नसतो. रात्री २ वाजता अलर्ट आला, तासभर काम करून त्याने सर्व्हर सावरला, तर नोंद १ तासाची होते. पण दुसऱ्या दिवशी तो सकाळी ११ ला येतो, आणि यायलाच हवं. ती सकाळ सपोर्टच्याच खात्यात लिहायची. आमच्याकडे हे बरेच दिवस कुणी लिहीत नव्हतं आणि पाळी संपल्यावर माणूस इतका थकलेला का दिसतो याचं कोडं सुटत नव्हतं.

बॅकएंडवाल्याचा हिशेब आठवड्यागणिक मांडला तर चित्र जास्त स्पष्ट होतं. पहिला आठवडा ४० तासांचा. त्यातून प्लॅनिंग, चार स्टँडअप, ग्रूमिंग आणि वन-ऑन-वन मिळून ५.५ तास गेले, सपोर्टचे २६ गेले, उरले ८.५. दुसरा आठवडा चार दिवसांचा, ३२ तास. मीटिंगचे ५ गेले, उरले २७. एकूण ३५.५. म्हणजे या माणसाला पहिल्या आठवड्यात जवळपास काहीच देता येत नाही, आणि ज्या स्टोरीवर बाकीचे अवलंबून आहेत ती तर मुळीच देता येत नाही. फक्त एकूण ३५.५ पाहिलं असतं तर हे कळलं नसतं.

सीनिअरचं कॅलेंडर

सीनिअर डेव्हलपरची अडचण वेगळी आहे. तिची रजा नाही, सपोर्ट नाही, तरी तिचा वेळ सगळ्यांत जास्त झिरपतो. या स्प्रिंटमध्ये तिच्याकडे दोन इंटरव्ह्यू आहेत. प्रत्येक तासाभराचा, आणि तयारी व नंतरचा अभिप्राय लिहिणं धरून दीड तासाचा, म्हणजे ३ तास. दर आठवड्याला दीड तासाची आर्किटेक्चरची बैठक, ३ तास. दुसऱ्या टीमचा कोड रिव्ह्यू, ४ तास. ज्युनिअरला शिकवणं, शेजारी बसून कोड दाखवणं, ६ तास. एकूण १६. ६१.५ मधून वजा केले की ४५.५.

दुसऱ्या टीमच्या कोडचा रिव्ह्यू मी वेगळा कापला, पण आपल्याच स्प्रिंटमधल्या स्टोऱ्यांचा रिव्ह्यू कापला नाही. तो वेळ स्टोरीच्या एस्टिमेटमध्येच धरलेला आहे असं आमच्या टीमने ठरवलंय. उलटही ठरवता येतं: एस्टिमेटमध्ये फक्त कोड लिहिण्याचा वेळ आणि रिव्ह्यूचे तास इथे वजा. दोन्ही रीती चालतात. मात्र एकाच टीममध्ये काही जण एका रीतीने आणि काही दुसऱ्या रीतीने मोजत असतील, तर रिव्ह्यू एक तर दोनदा मोजला जातो किंवा एकदाही नाही.

आता तिचा एक मंगळवार बघू. ती साडेनऊला येते, साडेसहाला निघते, दुपारी १ ते २ जेवण. म्हणजे कामाचे बरोबर ८ तास. १० ते सव्वादहा स्टँडअप, ११ ते १२ इंटरव्ह्यू, ३ ते साडेतीन वन-ऑन-वन, साडेचार ते सहा आर्किटेक्चर. मीटिंगचे मिळून सव्वातीन तास झाले, उरले पावणेपाच. कागदावर चांगले आहेत. पण ते कसे उरले आहेत? साडेनऊ ते दहा अर्धा तास, सव्वादहा ते अकरा पाऊण तास, १२ ते १, २ ते ३, साडेतीन ते साडेचार असे तीन एकेक तास, आणि सहानंतर अर्धा तास. दिवसभरात एका तासापेक्षा मोठा एकही तुकडा नाही. अवघड बग शोधायचा असेल तर अर्धा तास कुठे काय आहे ते आठवण्यातच जातो, आणि जरा सूर लागतो तोच पुढच्या मीटिंगची वेळ होते.

आम्ही त्या दिवसात दोनच बदल केले. इंटरव्ह्यू स्टँडअपला लागून सव्वादहाला घेतला आणि वन-ऑन-वन ४ वाजता, आर्किटेक्चरच्या अगदी आधी. मीटिंगचे तास तेवढेच, उरलेले तासही तेवढेच, पावणेपाच. पण आता सव्वाअकरा ते एक असे पावणेदोन तास आणि २ ते ४ असे सलग दोन तास मिळाले. वजाबाकीच्या तक्त्यात या बदलाची कुठेही नोंद होत नाही. तिच्या कामात मात्र तो पहिल्या दिवसापासून दिसला.

राहिलेले दोघे, आणि गळती

ज्युनिअरला ८ तासांचं प्रशिक्षण आहे, म्हणून ६१.५ चे ५३.५. टीममध्ये सगळ्यांत जास्त मोकळे तास त्याच्याकडेच आहेत, आणि नवीन माणसाच्या बाबतीत असंच होतं, कारण त्याला अजून कुणी मीटिंगला बोलवत नाही. टेस्टरला मागच्या रिलीजचं रिग्रेशन उरकायचं आहे, दोन दिवस, १६ तास. डॉक्टरचा अर्धा दिवस धरून २० तास गेले, उरले ४१.५.

पाच जणांची बेरीज २२४ तास. ४०० पासून निघालो होतो.

इथे थांबलो तरी चूक होईल. चॅटवर आलेले प्रश्न, मेल, बिल्डची वाट पाहणं, लॅपटॉपचं अपडेट, शेजारच्याला दोन मिनिटं मदत करता करता गेलेली वीस मिनिटं, एखाद्याचं अचानक आजारी पडणं: हे वेगवेगळं मोजायला गेलं तर मोजण्यातच दिवस जाईल. यासाठी एकच गुणक वापरतात. काही जण त्याला फोकस फॅक्टर म्हणतात, आम्ही गळती म्हणतो. पण हा गुणक कुणाच्या तरी लेखातून उचलून लावू नये. तो आपल्याच मागच्या स्प्रिंटमधून काढायचा: स्प्रिंटच्या कामांवर प्रत्यक्ष किती तास नोंदले गेले, भागिले वजाबाकीनंतर किती तास उरले होते. आमच्या मागच्या तीन स्प्रिंटचे आकडे ०.८१, ०.७८ आणि ०.८२ होते, म्हणून या वेळी ०.८ धरला. तास नोंदवायची सवयच नसेल तर दोन आठवडे दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने "आज स्टोरीवर किती तास गेले" एवढा एकच आकडा लिहावा. सुरुवातीला तेवढं पुरतं.

हा तक्ता स्प्रेडशीटमध्ये बसतो. B मध्ये हजर दिवस, C मध्ये मीटिंगचे तास, D मध्ये बाकीची सगळी वजाबाकी आणि H1 मध्ये गळतीचा गुणक:

```
=(B2*8-C2-D2)*$H$1
```

टेस्टरच्या अर्ध्या दिवसासाठी B मध्ये ८.५ लिहायचे. तिचा अर्धा दिवस कुठल्याच मीटिंगवर येत नाही, म्हणून C तसाच.

| कोण | हजर दिवस | मीटिंग | इतर | उरले | ०.८ नंतर |
|---|---|---|---|---|---|
| सीनिअर | ९ | १०.५ | १६ | ४५.५ | ३६.४ |
| बॅकएंड | ९ | १०.५ | २६ | ३५.५ | २८.४ |
| फ्रंटएंड | ७ | ८ | ० | ४८ | ३८.४ |
| ज्युनिअर | ९ | १०.५ | ८ | ५३.५ | ४२.८ |
| टेस्टर | ८.५ | १०.५ | १६ | ४१.५ | ३३.२ |

शेवटच्या रकान्याची बेरीज १७९. म्हणजे सुरुवातीच्या ४०० च्या निम्म्याहूनही कमी, साधारण ४५ टक्के. पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा टीममध्ये सगळे गप्प झाले होते. कुणी कामचुकारपणा केलेला नव्हता. रकाने वाचत गेलं तर प्रत्येक तास कुठे गेला ते दिसतं, आणि त्यातला बहुतेक वेळ कंपनीच्याच कामात गेलेला आहे.

अझ्युअर डेव्हऑप्ससारख्या साधनात `Capacity` नावाचं पान असतं. तिथे माणशी दिवसाचे तास आणि `Days Off` भरता येतात. पण ते साधन प्रत्येक माणसासाठी दिवसाचा एकच आकडा घेतं. बॅकएंडवाल्याचे २८.४ भागिले ९, म्हणजे दिवसाला सुमारे ३.२ तास असं भरलं तर बेरीज बरोबर येते, पण पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे जवळपास काही नाही ही गोष्ट पुसली जाते. म्हणून आम्ही स्प्रेडशीट सोडली नाही.

१७९ तास म्हणजे एक पिंप नव्हे

प्लॅनिंगला निवडलेल्या स्टोऱ्यांची बेरीज १६५ तास झाली. १७९ मध्ये सहज बसतात असं वाटलं. मग काम प्रकारानुसार वेगळं केलं: बॅकएंडचं ७०, फ्रंटएंडचं ४०, टेस्टिंगचं ५५. आता टेस्टरचे तास बघा, ३३. म्हणजे टेस्टिंग २२ तासांनी बाहेर जातंय. एकूण बेरीज बसत असतानाही हा स्प्रिंट अडकणारच होता, आणि अडकणार होता शेवटच्या तीन दिवसांत, जेव्हा सगळ्या स्टोऱ्या एकदम टेस्टिंगच्या रकान्यात येतात. फ्रंटएंडचं कामही ३८ च्या समोर ४० आहे आणि तिथली माणूस बुधवारीच निघते. बॅकएंडला मात्र जागा आहे: सीनिअर आणि बॅकएंडवाला मिळून ६५, वर ज्युनिअरचे ४३.

आम्ही एक स्टोरी बाहेर काढली, जिच्यात टेस्टिंगचे १२ आणि फ्रंटएंडचे ६ तास होते. उरलेल्या टेस्टिंगपैकी १० तासांच्या ऑटोमेटेड टेस्ट ज्युनिअरकडे दिल्या. त्याच्याकडे तास होते, आणि टेस्ट लिहिता लिहिता नवीन माणसाला सिस्टिम कळत जाते. टेस्टरकडे आता ३३ तास राहिले, अगदी काठोकाठ. ते मला रुचलेलं नव्हतं, पण दुसरी स्टोरी काढायला प्रॉडक्ट ओनर तयार नव्हता. "ही राहिली तर निदान आधी सांगा," एवढंच तो म्हणाला. आणि आता आम्हाला ते आधी सांगता येत होतं.

ज्युनिअरच्या तासांबद्दल एक सांगायला हवं. त्याचे ४३ तास खरे आहेत, पण स्टोरीचे अंदाज सीनिअरने दिलेले असतात. तिच्या दृष्टीने ६ तासांचं काम त्याला १० तासांचं असू शकतं. म्हणून काम कोण करणार हे ठरल्यावर त्या माणसालाच पुन्हा विचारायचं, "तुला किती लागतील?" त्याचे तास कापण्यापेक्षा हे बरं. तास कापले तर तो किती वेळ हजर आहे आणि त्याचा वेग किती आहे या दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात.

पॉइंट वापरत असाल तर

पुष्कळ टीम तासांऐवजी स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटीवर चालतात. तिथे ही सगळी वजाबाकी जशीच्या तशी लावली तर दुप्पट कपात होते. व्हेलॉसिटी म्हणजे मागच्या स्प्रिंटमध्ये प्रत्यक्ष पुरं झालेलं काम, आणि ते काम नेहमीच्या मीटिंग, नेहमीचा सपोर्ट आणि नेहमीची गळती होऊनच पुरं झालेलं असतं. त्यातून मीटिंग परत वजा करायच्या नाहीत.

तिथे फक्त प्रमाण लावायचं. नेहमीच्या स्प्रिंटमध्ये या टीमचे शेवटच्या रकान्यातले तास २०० येत असतील आणि व्हेलॉसिटी ३० पॉइंट असेल, तर या वेळचे १७९ तास म्हणजे नेहमीच्या सुमारे ९० टक्के. म्हणून २७ पॉइंटच्या आसपास घ्यायचे. पॉइंटचे तास किंवा तासांचे पॉइंट करायच्या फंदात पडायचं नाही. टेस्टरचं काम फुगतंय का हे मात्र पॉइंटमधून कळत नाही. ते तासांच्या तक्त्यातच दिसतं, म्हणून पॉइंटवाल्या टीमलाही मी हा तक्ता करायला सांगतो.

तक्ता कुणाच्या हातात जातो

मी आधी ज्या ठिकाणी काम करत होतो, तिथे एकदा हा तक्ता वर पाठवला गेला आणि वरून विचारणा आली, "हा माणूस ८० पैकी फक्त २८ तास काम करतो?" त्याची सपोर्टची पाळी होती, रात्री दोनदा उठला होता. पुढच्या स्प्रिंटला टीमचा गळतीचा गुणक ०.९५ निघाला. कामाची पद्धत बदलली नव्हती. प्रत्येकाने आपले तास वाढवून लिहिले होते. मग तो तक्ता प्लॅनिंगसाठी निरुपयोगी झाला आणि स्टोऱ्या पुन्हा पुढे ढकलल्या जाऊ लागल्या. तेव्हापासून माणसागणिक रकाने मी टीमच्या बाहेर देत नाही. बाहेर सांगायचं ते एवढंच: टीमचे एकूण तास किती, त्यात काय बसतं आणि कुठला प्रकार अडकतोय. गुणक अचानक ०.९ च्या वर गेला तर कामाचा वेग वाढला असं मानण्याआधी लोक घाबरलेत का ते मी बघतो.

स्प्रिंट संपल्यावर

शेवटच्या शुक्रवारी रेट्रोच्या आधी मी त्याच तक्त्यात "प्रत्यक्ष" नावाचा आणखी एक रकाना भरतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. या स्प्रिंटमध्ये दोन फरक निघाले. सपोर्टला २६ धरले होते, २१ लागले. रिग्रेशनला १६ धरले होते, २२ लागले, आणि त्यामुळे टेस्टरच्या हातातली एक स्टोरी राहिली. ती राहणार हे प्रॉडक्ट ओनरला दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारीच सांगितलं होतं.

गुणक काढताना आधी वजाबाकी दुरुस्त करून घ्यायची, नाहीतर सपोर्टची किंवा रिग्रेशनची चूक गळतीच्या माथी जाते. २२४ मध्ये सपोर्टचे वाचलेले ५ मिळवले, रिग्रेशनचे जास्तीचे ६ वजा केले, २२३ राहिले. स्टोऱ्यांवर प्रत्यक्ष नोंदले गेले १७०. भागाकार ०.७६. सगळ्यांत जुना ०.८१ काढून शेवटच्या तिघांची सरासरी घेतली, ती ०.७९ आली. तो आकडा H1 मध्ये टाकला आणि रिग्रेशनसमोर २२ लिहिले. सपोर्टच्या यादीत २१ ची भर पडली, पण धरायचा आकडा २६ च ठेवला, कारण पुढची पाळी सीनिअरची आहे आणि तिच्या आठवड्यात दोन इंटरव्ह्यू आधीच लागलेले आहेत. ते दुसऱ्या आठवड्यात हलवता येतील का, हे विचारायला मी सोमवारपर्यंत थांबलो नाही. रेट्रो संपताच विचारून घेतलं.